दुसऱ्या गठ्ठ्यातली प्रकरणं

तहसील कार्यालयातल्या एखाद्या टेबलाचा कार्यभार नव्या महसूल सहायकाकडे येतो, तेव्हा कपाटाच्या किल्लीबरोबर एक यादीही त्याच्या हाती पडते. समजा, त्या यादीत शंभरेक प्रकरणं प्रलंबित दाखवली आहेत. रोजचं टपाल तर येतच असतं. ताज्या अर्जांसाठी माणसं समोर उभी असतात, म्हणून ते अर्ज हलतात. यादीतल्या जुन्या प्रकरणांसाठी त्या दिवशी कुणीच आलेलं नसतं. महिनाभर त्यांना हात लागत नाही, मग दुसरा महिना जातो, आणि पुढे ती उघडायचंच दडपण येतं.

महाराष्ट्रात याबद्दल स्पष्ट कायदा आहे. 2005 च्या कायद्याला लोक ‘दप्तर दिरंगाई कायदा’ म्हणतात. त्यातल्या दहाव्या कलमानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. दुसऱ्या विभागाचं मत लागणार नसेल तर 45 दिवसांत आणि लागणार असेल तर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असंही त्यात आहे. मुदत इतकी स्वच्छ लिहिलेली असूनही प्रकरणं साचतात. सगळ्यांचा ठपका आळसावर ठेवला, तर ती साचण्याची खरी जागा नजरेतून सुटते.

ती जागा दप्तराच्या रचनेत सापडते. अनिलकुमार लखिना यांनी 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी असताना कार्यालयाची मांडणी आणि अभिलेख यांना शिस्त लावली, ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखली गेली. पुढे 2017 च्या सुमारास पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ ही मोहीम राबवली. टेबलावरचे आणि कपाटातले सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावणं हा तिचा पाया होता. पहिल्या गठ्ठ्यात आपण स्वतः काम करायची प्रकरणं, दुसऱ्यात दुसऱ्या कुणाच्या उत्तरासाठी थांबलेली, म्हणजे प्रतीक्षाधीन. तिसरा नियतकालिक अहवालांचा, चौथा स्थायी आदेशांचा, पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि सहावा मुदत संपल्यामुळे नष्ट करायच्या कागदांचा. शेवटचे दोन गठ्ठे काढले की कपाट मोकळं होतं आणि छायाचित्रात फरक ठळक दिसतो. अर्जदाराचं काम मात्र पहिल्या दोन गठ्ठ्यांतच असतं, आणि माझ्या मते जुनाट प्रकरणांचं खरं घर दुसरा गठ्ठा आहे.

पहिल्या गठ्ठ्यातलं प्रकरण उशिरा का होईना, हातात येतं, कारण ते आपलं काम आहे हे टेबलाला ठाऊक असतं. प्रतीक्षाधीन प्रकरणाचं तसं नसतं. अहवाल मागवणारं पत्र जावक झालं की या टेबलाच्या लेखी काम झालेलं असतं. ज्याच्याकडे पत्र गेलं, त्याच्या लेखी ते दहा पत्रांपैकी एक असतं. मधल्या काळात प्रकरण कुणाचंच नसतं. महिन्याच्या गोषवाऱ्यात आकडा तेवढा पुढच्या पानावर जातो.

म्हणून आढावा घेताना प्रकरणाचं वय बघून भागत नाही. गोषवाऱ्यात महिन्याच्या आतली, तीन महिन्यांची, सहा महिन्यांची, वर्षावरची असे रकाने असतात. कुठून सुरुवात करायची हे त्यावरून कळतं, पण काय करायचं हे कळत नाही. त्यासाठी फाइल मागून वाचायला घ्यावी लागते. शेवटचं पत्र कुणी कुणाला लिहिलं, त्यात नेमकं काय मागितलं आणि उत्तर कधीपर्यंत हवं होतं, या तीन गोष्टी शोधायच्या. त्या सापडल्या तर प्रकरण खरोखर प्रतीक्षेत आहे. सापडल्या नाहीत तर ते नुसतं पडून आहे, आणि पहिल्या गठ्ठ्यात परत आलं पाहिजे.

एक प्रकरण सविस्तर पाहू. हे उदाहरण म्हणून रचलेलं आहे, पण अशी प्रकरणं महसुलाच्या टेबलांवर नेहमीची आहेत. वडील वारले, सातबाऱ्यावर वारसांची नावं लागत नाहीत, असा एका मुलीचा तहसीलदारांकडे अर्ज आहे. टेबलाने तलाठ्याला ‘अहवाल सादर करावा’ असं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्र गेलं, मग दुसरं गेलं. त्यानंतर फाइल चार महिने जागची हललेली नाही. तिसरं स्मरणपत्र पाठवणं सोपं आहे, आणि बहुतेक आढाव्यांत तेच होतं.

फाइल नीट वाचली की वेगळंच दिसतं. सजांची फेररचना झाल्यावर हे गाव दुसऱ्या सजात गेलं आहे, आणि तिन्ही पत्रं जुन्या सजाच्या पत्त्यावर गेली आहेत. शिवाय कशाचा अहवाल हवा, हे एकाही पत्रात लिहिलेलं नाही. आता नवं पत्र मंडळ अधिकाऱ्यांमार्फत जातं आणि त्यात प्रश्न नेमके असतात. गाव नमुना 6क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत, नोंद घेतली का? त्यावरून फेरफार धरला का? त्यावर कुणाची हरकत आली का? उत्तराची तारीख पत्रातच असते आणि प्रत अर्जदार मुलीला जाते. त्या तारखेला फाइल आपोआप समोर यावी, म्हणून प्रतीक्षाधीन गठ्ठा तारखेप्रमाणे लावलेला असतो. गावांप्रमाणे किंवा विषयांप्रमाणे लावलेला गठ्ठा नीटनेटका दिसतो, पण आज कुणाला विचारायचं आहे हे तो सांगत नाही.

समजा उत्तर आलं, की फेरफार धरला होता, पण भावाने हरकत घेतली, म्हणून नोंद 6अ मध्ये, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत गेली. मुलीला वाटत होतं की आपला अर्ज कुणी वाचलाच नाही. खरं तर तिला सुनावणीला हजर राहून आपली बाजू मांडायची होती आणि ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता तहसीलमधला हा अर्ज बंद करता येतो, कारण त्याला उत्तर आहे: नोंद का थांबली, सुनावणी कुणापुढे आहे, तारीख कोणती. अर्ज बंद झाला, हक्काचा प्रश्न योग्य जागी चालू राहिला. ज्या टिपणीने फाइल बंद होते, तिच्यात या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या असाव्यात.

सगळी जुनी प्रकरणं इतकी गुंतलेली नसतात. काही आधीच झालेली असतात. संगणकीकरणात सातबाऱ्यावर चुकलेलं नाव दुरुस्त करण्याचा आदेश कलम 155 खाली निघालेला असतो, नोंदही सुधारलेली असते, पण त्याच माणसाने धास्तीने दिलेला दुसरा अर्ज वेगळ्या आवक क्रमांकाने उघडाच राहतो. त्याला आदेशाचा क्रमांक लिहून उत्तर दिलं की काम संपतं. काही अर्ज मुळात या कार्यालयाचे नसतात. जमिनीच्या मोजणीचा अर्ज भूमि अभिलेख कार्यालयात जायला हवा, तो इथे अडकून पडलेला असतो. काही अपुरे असतात, मृत्यूचा दाखला जोडलेला नसतो, आणि त्रुटी अर्जदाराला कुणी कळवलेलीच नसते. अशा वेळी त्रुटीचं पत्र द्यायचं, पूर्ततेची मुदत द्यायची, आणि मुदत उलटल्यावर अर्ज नस्तीबंद करायचा. पुन्हा कागद आणल्यावर तो कसा उघडेल, हे त्याच पत्रात लिहायचं. त्रुटी न कळवता जुना झाला म्हणून अर्ज बंद करणं मला अन्यायाचं वाटतं, कारण तो उशीर अर्जदाराने केलेला नसतो.

काही प्रकरणं मात्र बंदही करता येत नाहीत आणि पुढेही नेता येत नाहीत. न्यायालयाची स्थगिती असते किंवा शासनाकडून मार्गदर्शन मागवलेलं असतं. त्यांच्यावर कारण आणि पुन्हा बघायची तारीख लिहून ती वेगळी ठेवावीत. ती इतरांत मिसळली की आढाव्यात दर वेळी त्याच फाइली वाचण्यात वेळ जातो, आणि हळूहळू सगळा गठ्ठाच ‘आपल्या हातात नाही’ असा वाटू लागतो.

मोहीम चालू झाली आणि वरून आकडे मागवले जाऊ लागले, की सगळ्यात मोठा धोका येतो. तो खोट्या निपटाऱ्याचा. अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ खालच्या कार्यालयाला पाठवायचा, नोंदवहीत ‘निकाली’ लिहायचं आणि विसरून जायचं. आकडा उतरतो, अर्जदार तिथेच राहतो. दोन महिन्यांनी तोच माणूस तीच तक्रार घेऊन येतो, नवा आवक क्रमांक मिळतो आणि कागदावर ते प्रकरण एका दिवसाचं होतं. म्हणजे जुनं प्रकरण तरुण होऊन परत येतं, आणि वय मोजणाऱ्या रकान्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

हे ओळखता येतं. निकाली काढलेल्यांतली दहा-वीस प्रकरणं कुठलीही उचलावीत आणि प्रत्येकात शेवटचा कागद कोणता, ते पाहावं. तो अर्जदाराच्या नावचा असेल आणि त्यात होकार, कारणासह नकार किंवा पुढची तारीख असेल, तर प्रकरण खरंच संपलं. शेवटचा कागद दुसऱ्या कार्यालयाला लिहिलेलं पत्र असेल, तर ते प्रतीक्षाधीन आहे आणि दुसऱ्या गठ्ठ्यात परत गेलं पाहिजे. आवक नोंदवहीत एकच नाव आणि एकच गट क्रमांक पुन्हा पुन्हा येतो का, हेही बघावं. निकाली प्रकरणं महिन्याच्या शेवटच्या दोन दिवसांतच उफाळत असतील, तर त्या दोन दिवसांचे कागद आधी तपासावेत.

अर्जदारालाही यात थोडं करता येतं. पोहोचेवरचा आवक क्रमांक आणि तारीख जपावी. पुन्हा जायची वेळ आली तर नवा अर्ज देण्याऐवजी जुन्या क्रमांकाचा संदर्भ देऊन पत्र द्यावं, म्हणजे प्रकरणाचं खरं वय पुसलं जात नाही. ‘माझं काम कधी होणार’ यापेक्षा ‘माझी फाइल आज कुणाच्या उत्तरासाठी थांबली आहे आणि त्यांना शेवटचं पत्र कधी गेलं’ हा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. माहिती अधिकारातही ही माहिती आणि त्या पत्रांच्या प्रती मागता येतात. ज्या टेबलाला या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येत नाही, तिथे फाइल वाचायला घ्यावी लागतेच.

राहता राहिला प्रश्न हा आढावा कधी घ्यायचा याचा. आठवड्याला तारखेचा गठ्ठा आणि महिन्याला गोषवारा हे नेहमीचंच. पण महाराष्ट्रातल्या टेबलांना आणखी एक ठरलेला हंगाम आहे. दप्तर दिरंगाईचा जो कायदा आहे, त्याच कायद्यात बदल्यांचेही नियम आहेत: एका जागी साधारण तीन वर्षं आणि बदल्या साधारणपणे एप्रिल किंवा मे महिन्यात. फाइलची गोष्ट तोंडपाठ असलेला माणूस त्याच महिन्यांत टेबल सोडून जातो. म्हणून मोठा आढावा मार्चमध्येच, जुना माणूस जागेवर असताना व्हायला हवा. कार्यभाराच्या यादीत नुसता आकडा न देता प्रत्येक प्रतीक्षाधीन प्रकरणापुढे कुणाकडून, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत यायचं आहे ते लिहिलेलं असावं, आणि तेवढं भरल्याशिवाय नव्या माणसाने यादीवर सही करू नये.