रिंग लाइट आणि ट्रायपॉड : कॉम्बो घ्यायचा की वेगवेगळं?

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: घरून ऑनलाइन विक्री सुरू केलीये, कुठला रिंग लाइट घेऊ? मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण आमच्या वहिनी खणाच्या पर्स शिवून इन्स्टावर विकतात आणि त्यांचा सगळा सेटअप मीच लावून दिलाय. तेच उदाहरण घेऊन सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या. रिंग लाइट मुळात चेहऱ्यासाठी आहे. फोन रिंगच्या मधोमध बसतो, म्हणजे कॅमेरा आणि उजेड एकाच दिशेने येतात. त्यामुळे सावल्या जातात आणि चेहरा छान दिसतो. पण खणाची वीण दिसते ती तिच्या बारीक सावल्यांमुळेच! समोरून उजेड मारला की पर्स सपाट, छापील कापडासारखी दिसते. वर चकचकीत बकलमध्ये पांढरं गोल कडं उमटतं ते वेगळंच.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की लाइट आणि फोन वेगवेगळ्या स्टँडवर हवेत. लाइट पर्सच्या एका बाजूला, साधारण ४५ अंशात, दोनेक फुटांवर ठेवा. दुसऱ्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, म्हणजे गडद सावली मऊ होते. फोन समोर ट्रायपॉडवर. लाइट आणि ट्रायपॉड एकाच कंपनीचे असायची गरज नाही. बहुतेकांचा स्क्रू पाव इंचाचाच असतो, त्यामुळे एकाचा होल्डर दुसऱ्याच्या स्टँडवर बसतो.

आता कंपन्या. टायगॉटसारख्या ब्रँडचा दहा इंची लाइट सात फुटी स्टँडसकट मिळतो. तुम्ही कॅमेऱ्यासमोर बसून बोलणार असाल तर हा पुरेसा आहे. डिजिटेककडे छोट्यापासून अठरा इंचीपर्यंत लाइट आहेत आणि ट्रायपॉडही वेगळे मिळतात, त्यामुळे सुटं सुटं घेणाऱ्याला ते सोयीचं. गोडॉक्स महाग पडतो, पण त्यांच्या लाइटच्या माहितीत सीआरआयचा आकडा दिलेला असतो. कापड विकणाऱ्याने तो आकडा बघायलाच हवा.

सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप. कमाल १००. कपड्यांसाठी ९५ च्या आसपास असेल तर उत्तम. हलक्या एलईडीमध्ये लाल रंग बहुतेक वेळा कमी पडतो, मग वहिनींचा मरून खण फोटोत तपकिरी दिसतो. गिऱ्हाईक म्हणतं, “ताई, रंग वेगळाच आला,” आणि पार्सल परत. बॉक्सवर आकडाच नसेल तर लाल कापड आधी दिवसा खिडकीपाशी आणि मग लाइटखाली धरून बघा. फरक डोळ्यालाच कळतो. फोटो काढताना घरातली ट्यूबलाइट मात्र बंद ठेवा. दोन रंगांचे उजेड मिसळले की फोन गोंधळतो.

लाइट घरी आला की परतीची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी तपासा. एक, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. उजेड थरथरला किंवा काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो लाइट व्हिडिओसाठी नको. हे सगळ्या ब्राइटनेसवर बघा, कारण काही लाइट मंद केल्यावरच फडफडतात. दुसरं, यूएसबीवाला लाइट जुन्या एक अँपिअरच्या चार्जरवर लावला तर मंद पडू शकतो. आधी दोन अँपिअरचा चार्जर लावा, मग लाइटला नावं ठेवा.

ट्रायपॉडमध्ये उंचीच्या आकड्याला भुलू नका. सगळे पाय उघडून आणि मधला दांडा वर काढून ती उंची मोजलेली असते, आणि दांडा वर गेला की डुगडुग वाढते. तुम्हाला लागते त्या उंचीवर लावा, फोन बसवा, बोटाने टिचकी मारा. स्क्रीनवरचं चित्र दोनेक सेकंदांत शांत व्हायला हवं. तरीही फोटो तीन सेकंदांच्या टायमरवरच काढा. पर्सचा वरून फोटो घ्यायचा असेल तर आडवा दांडा असलेला ट्रायपॉड लागतो. तेव्हा एक पाय दांड्याच्या दिशेनेच ठेवा आणि मागच्या बाजूला पाण्याची भरलेली बाटली टांगा. नाहीतर फोन तोंडावर आपटलाच समजा.

वहिनींकडे शेवटी काय ठरलं? सीआरआय दिलेला एक लाइट बाजूला, साधा मजबूत ट्रायपॉड समोर आणि थर्माकोल. बजेट कमी असेल तर आधी ट्रायपॉड घ्या आणि फोटो सकाळी खिडकीपाशी काढा. लाइट महिनाभराने आला तरी चालेल.

तुमचा माल काय आहे ते कमेंटमध्ये लिहा. काचेच्या बरण्या आणि दागिने वेगळा त्रास देतात, त्यावर पुढच्या भागात बोलू.