नुसतं ‘सॉरी’

बरेच महिने बोलणं नसलेल्या मामेभावाचा रात्री पावणेबाराला मेसेज येतो: ‘ताई, सॉरी.’ भांडण झालेलं नाही, काही देणंघेणं नाही. आपण ‘कशाबद्दल रे?’ असं लिहून झोपी जातो. असं समजा घडलं, तर मी म्हणेन, झोपू नका. फोन लावा.

मेसेज चुकून आलेला असू शकतो. पण जीव द्यायचा विचार करणारी माणसंही कधी कधी अशीच कारण न सांगता माफी मागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी 2005 साली मांडलेल्या सिद्धांतात याचा एक धागा सापडतो. आपण घरच्यांना ओझं झालोय, आपण नसलो तर ते सुटतील, असं अशा माणसाला मनापासून वाटू लागतं. अशा मनातून आलेली माफी एखाद्या चुकीची नसते, ती आपल्या असण्याचीच असते. म्हणून ‘काय झालं ते आधी सांग’ हा आग्रह उपयोगाचा नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखी एखादी घटना असेलच असं नाही. ‘आईबाबांचा तरी विचार कर’ हे त्याहून वाईट. त्यांचाच विचार करून तो इथवर आलेला असू शकतो.

त्याने फोन उचलला तर आधी म्हणा, ‘तुझा मेसेज वाचला, काळजी वाटली. कुठे आहेस? सोबत कोणी आहे का?’ मग सरळ विचारा, ‘आत्महत्येचा विचार मनात येतोय का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात घुसेल ही भीती खरी नाही, अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट ‘तसलं काही नाही ना?’ असं विचारलं की ‘नाही’ म्हणणं सोपं जातं.

उत्तर ‘हो’ आलं तर वाद घालू नका, ऐकत राहा. काही ठरवलंय का, कधी, साधन हाताशी आहे का, हे विचारा. ठरलेलं असेल तर त्याला एकटं ठेवायचं नाही. दुसऱ्या फोनवरून त्याच्या रूममेटला किंवा शेजाऱ्याला गाठा आणि 112 ला कळवा. घरात फवारणीचं औषध असेल तर घरच्यांना ते कुलपात ठेवायला किंवा बाहेर न्यायला सांगा. टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरते, तेवढ्या वेळात साधन हाती नसणं जीव वाचवू शकतं. ‘कोणाला सांगू नकोस’ म्हणाला तरी तसं वचन देऊ नका.

फोन उचललाच नाही तर सकाळची वाट पाहू नका. जवळच्या कोणाला तरी लगेच दारापर्यंत पाठवा.

धोका तातडीचा नसेल तेव्हा 14416 हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक आहे. 2022 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. तो स्वतः लावायला धजत नसेल तर त्याच्या शेजारी बसून तुम्ही लावा. आणि दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी पुन्हा त्याला फोन करा, डॉक्टरांकडे जायचं ठरलं असेल तर सोबत जा.