कोरी आलेली भरलेली फाइल

३० मार्चची दुपार. एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक असलेल्या बाई ग्रामपंचायतींकडून आलेले खर्चाचे अहवाल एका मोठ्या तक्त्यात उतरवत आहेत. उद्या ३१ तारखेला तो तक्ता जिल्हा परिषदेत पोचायलाच हवा. एकच गाव राहिलंय. चारच्या सुमारास त्या गावाचा मेल येतो, सोबत पीडीएफ. उघडून बघतात तर फॉर्म आहे, रकान्यांची नावं आहेत, चौकटी मात्र सगळ्या कोऱ्या. त्या गावच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना फोन लावतात.

“भाऊसाहेब, फॉर्म कोराच आलाय.”

“मॅडम, काल रात्री बसून मी स्वतः भरलाय. आत्ताही माझ्या मोबाइलवर भरलेला दिसतोय.”

गोष्ट रचलेली आहे, पण अशी वेळ वर्षअखेरीला कोणत्याही कार्यालयात येऊ शकते. पुढे काय होतं, तेही ठरलेलं. एकाला वाटतं समोरच्यानं काम केलेलं नाही, दुसऱ्याला वाटतं मॅडमना फाइल उघडता येत नाही. तीच फाइल पुन्हा पाठवली जाते, पुन्हा कोरी दिसते आणि पाच वाजतात. खरं तर दोघंही खरं बोलत असतात. कोरी दिसणारी फाइल तीन प्रकारची असू शकते: माहिती आतच आहे पण दिसत नाही, माहिती फाइलमध्ये उतरलीच नाही, किंवा फाइल धड पोचलीच नाही. यातला प्रकार कोणता, हे आधी ओळखायचं. त्याला पाच मिनिटं पुरतात.

बाईंनी मेल पुसला नाही, फाइल छापलीही नाही. ती संगणकावर उतरवून घेतली, तिच्यावर उजवं क्लिक केलं आणि `Properties` उघडलं. तिथे `Size` आणि `Size on disk` अशा दोन ओळी असतात. त्यातली पहिली बघायची, कारण फाइलची खरी लांबी तीच. मग पंधरवड्यापूर्वी त्यांनीच सगळ्या गावांना पाठवलेला कोरा फॉर्म काढून त्याचाही आकार पाहिला. कोरा फॉर्म २,१९,१३६ बाइटचा, आलेली फाइल २,२७,५०४ बाइटची. म्हणजे आठेक हजार बाइट कुठून तरी वाढले होते. पीडीएफ फॉर्म भरून जतन करताना बरीच सॉफ्टवेअर मूळ मजकुराला हात न लावता नवी माहिती फाइलच्या शेपटाला जोडतात, त्यामुळे फाइल फुगते. भाऊसाहेबांनी फॉर्म भरला होता, याची ही जवळजवळ खूणच.

मग दिसत का नाही? पीडीएफ फॉर्ममधल्या प्रत्येक चौकटीच्या दोन बाजू असतात. एक तिच्यातलं मूल्य, म्हणजे भरलेला आकडा किंवा नाव. दुसरी त्या मूल्याचं चित्र, म्हणजे तो आकडा कोणत्या अक्षरांत, कुठे आणि किती मोठा काढायचा याची तयार आखणी. या दोन गोष्टी फाइलमध्ये वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. चांगलं सॉफ्टवेअर दोन्ही लिहितं. मोबाइलवरची काही अॅप मात्र फक्त मूल्य लिहितात आणि फार तर `NeedAppearances` नावाची एक खूण ठेवून देतात. तिचा अर्थ एवढाच, की फाइल जो उघडेल त्यानंच चित्र काढून घ्यावं. भाऊसाहेबांचं अॅप ते काढतं, म्हणून त्यांना फॉर्म भरलेला दिसतो. बाईंच्या मेलमधली झलक दाखवणारी खिडकी ते काढत नाही, म्हणून चौकटी कोऱ्या. ही अडचण मानक ठरवणाऱ्यांच्याही लक्षात आलेली आहे. २०१७ साली आलेल्या पीडीएफ २.० या मानकानं ही खूण बाद ठरवली आणि चित्र फाइलमध्येच असावं असा नियम केला. पण जुनी अॅप आणि जुने फॉर्म अजून चालूच आहेत.

बाईंनी तीच फाइल अॅडोब रीडरमध्ये उघडली आणि खर्चाच्या चौकटीत क्लिक केलं. आकडा उमटला. बाहेर क्लिक केल्यावर पुन्हा नाहीसा झाला. अशी लपाछपी दिसली की समजावं, माहिती शाबूत आहे, फक्त चित्र नाही.

मराठी कार्यालयांत याचीच एक भावंड-अडचण येते. फॉर्म बनवणाऱ्यानं चौकटीसाठी देवनागरी नसलेला फाँट ठरवलेला असतो. मग इंग्रजी अंकांतली रक्कम दिसते, पण गावाचं नाव, कामाचं नाव कोरं राहतं किंवा त्या जागी ठिपके येतात. अर्धा फॉर्म भरलेला आणि अर्धा कोरा दिसला, की संशय पाठवणाऱ्यावर घेऊ नये, फॉर्मवर घ्यावा.

आता मोह होतो तो एकेका चौकटीत क्लिक करून आकडे टिपून घेण्याचा. पडताळणीपुरतं ते ठीक, पण अहवाल म्हणून नव्हे. कारण कागदावर नेणारा हात बाईंचा होईल आणि सही भाऊसाहेबांची. योग्य मार्ग म्हणजे त्यांच्याकडूनच ‘सपाट’ प्रत मागवायची. ज्या अॅपमध्ये फॉर्म भरलेला दिसतो, त्यातूनच छपाईचा पर्याय निवडून छापखान्याऐवजी `Save as PDF` करायचं. यात चौकटी उरत नाहीत, जे दिसतं ते पानावर पक्कं होतं. पाठवण्यापूर्वी ती प्रत दुसऱ्या एखाद्या अॅपमध्ये उघडून बघायला सांगावं, कारण काही अॅप छापतानाही मूळ कोरा फॉर्मच पुढे करतात. एक मर्यादा मात्र पक्की ध्यानात ठेवायची: फॉर्मवर डिजिटल सही असेल तर सपाट प्रतीत तिचं फक्त चित्र उरतं, सही तपासता येत नाही. तेव्हा मूळ फाइलही सोबत जपावी लागते.

दोन्ही फाइलींचा आकार शेवटच्या बाइटपर्यंत सारखा निघाला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. काही ब्राउझरमध्ये फॉर्म भरून जतन करताना बदलांसह की बदलांशिवाय, असं विचारलं जातं. घाईत चुकीचं बटण दाबलं की भरलेलं सगळं पडद्यावरच राहतं आणि कोरी मूळ फाइल मेलमधून जाते. ती माहिती बाईंकडे कुठल्याही युक्तीनं सापडणार नाही. ती फक्त पाठवणाऱ्याकडे आहे, आणि त्यानं खिडकी बंद केली असेल तर तिथेही नाही.

आकार शून्य दिसला तर बहुधा फाइल जतन होत असतानाच जोडली गेली, असं समजायचं. प्रवासात तुटलेली फाइल मात्र बहुधा कोरी दिसत नाही, उघडतानाच त्रुटी दाखवते. शंका असेल तर नोटपॅडमध्ये उघडावी: धड पीडीएफची सुरुवात `%PDF-` ने होते आणि शेवटी `%%EOF` असतं.

आणि सहा वाजेपर्यंत भाऊसाहेबांचा फोनच लागला नाही तर? तक्त्यात त्या गावासमोर शून्य लिहायचं नाही. शून्य म्हणजे खर्च झालाच नाही, निधी पडून आहे, असं वरचा अधिकारी वाचेल, आणि एकूण बेरीजही चुकेल. रकाना मोकळा ठेवून शेऱ्यात ‘फाइल ३० मार्च रोजी प्राप्त, मजकूर वाचता येत नाही, सुधारित प्रत मागवली आहे’ असं लिहायचं, आणि बेरजेखाली ती एका गावाशिवायची आहे, हे नोंदवायचं. मूळ मेल त्याच्या वेळेसह तसाच ठेवायचा, आणि सुधारित प्रतीची मागणी त्याच मेलच्या उत्तरात करायची, म्हणजे दोन्ही नोंदी एका धाग्यात राहतात.