सोबतीच्या माणसाचा खर्च

डिस्चार्जच्या दिवशी बिलिंगच्या खिडकीवर एक ठरलेला संवाद होतो. "मेडिक्लेम मंजूर झालाय, काका. तुमचे फक्त नॉन-मेडिकल भरा." काका खिशातून पाचशेच्या चार-पाच नोटा काढायच्या तयारीत असतात. "किती?" "अठ्ठेचाळीस हजार."

हे अठ्ठेचाळीस हजार आमच्या शेजारच्या काकांचे. आकडे सोयीसाठी गोल केलेत, पण बिलाची ठेवण जशीच्या तशी आहे. काकू न्हाणीघरात घसरून पडल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि सहा रात्री दवाखान्यात काढाव्या लागल्या. एकूण बिल 2,10,000 रुपये. तीन लाखांची पॉलिसी होती, हप्ता कधी चुकला नव्हता. तरी कंपनीने 1,62,000 दिले. उरलेले गेले कुठे, ते पाहायला आम्ही दोघं संध्याकाळी बिल घेऊन बसलो. त्यातला बराचसा भाग काकूंच्या नव्हे, त्यांच्या सोबतीला राहिलेल्या माणसांच्या सोयीपायी गेलेला निघाला.

आधी किरकोळ रकमा पाहू. नातेवाइकांचं जेवण 2,100, जादा पास 300, चहा-पाणी 600, रात्रीची बाई पाच रात्रींचे 4,500, डायपर आणि अंडरपॅड 1,400, वॉकर 1,600, फाइल आणि कागदपत्रं 500. बेरीज 11,000. यातला एक पैसाही मिळाला नाही, आणि त्यात कंपनीची लबाडीही नव्हती.

आरोग्य विमा रुग्णाच्या उपचाराचा खर्च भरून देतो. कुटुंबाला त्या काळात किती पैसे लागले, हा त्याचा प्रश्नच नसतो. ही रेघ कुठे ओढायची यावर पूर्वी प्रत्येक दाव्यात वाद व्हायचा, म्हणून विमा नियामक संस्थेने, म्हणजे आयआरडीएआयने, वस्तूंच्या आणि सेवांच्या याद्याच करून टाकल्या. 2020 च्या परिपत्रकात अशा चार याद्या आहेत, आणि आपल्या कामाच्या त्यातल्या पहिल्या दोन.

पहिल्या यादीत 68 गोष्टी आहेत. पॉलिसीत वेगळं कबूल केलेलं नसेल, तर त्यांचे पैसे मिळत नाहीत. अटेंडंट चार्जेस तिथे शब्दशः लिहिलेले आहेत. खाजगी नर्सचे पैसे, रुग्णाच्या ठरलेल्या आहाराखेरीजचं जेवण, मिनरल वॉटर, टेलिफोन, टीव्ही, इंटरनेट, धुलाई, पाहुण्यांची सरबराई, येण्या-जाण्याचं भाडं, डायपर, वॉकर हे सगळं त्याच यादीत. एक गोष्ट मात्र वाचून मी थबकलो. घरचा माणूस रक्त द्यायला येतो, त्याच्या रक्ताचा गट तपासण्याचा आणि ते जुळवून पाहण्याचा खर्चही याच यादीत आहे.

दुसरी यादी वेगळ्या जातीची आहे. तिच्यातल्या 37 गोष्टी खोलीच्या भाड्यातच धरायच्या असतात. भेटायला येणाऱ्यांचा पास, ॲडमिशन किट, फाइल उघडण्याचा आकार, कागदपत्रांचा खर्च, डिस्चार्जच्या प्रक्रियेचे पैसे, एसी, स्वच्छ चादर, ब्लँकेट, साफसफाई. म्हणजे पासाचे 300 आणि फाइलचे 500 काकांनी खोलीच्या भाड्यात एकदा दिलेलेच होते, दवाखान्याने ते पुन्हा घेतले. इथे भांडायचं असेल तर ते दवाखान्याशी. नियामकाचा अंमल विमा कंपनीवर चालतो, दवाखान्याच्या खिडकीवर चालत नाही, त्यामुळे कंपनी ही ओळ कापते आणि दवाखाना ती आपल्याकडून वसूल करतो. पण बिल पक्कं होण्याआधी "हे खोलीच्या भाड्यात नाही का धरत?" असं शांतपणे विचारलं, तर अशा ओळी बऱ्याचदा मुकाट्याने निघतात. काकांनी पैसे भरल्यावर विचारलं. मग कोण ऐकतंय.

जेवणाच्या 2,100 मध्ये एक गंमत आहे. काकूंना सकाळी जो मऊ भात आला, तो डॉक्टरांनी सांगितलेला आहार, म्हणून उपचाराचा भाग. त्याच स्वयंपाकघरातून काकांना आलेली थाळी म्हणजे खाणावळीची थाळी. करखात्यानेही 2018 सालीच हे स्पष्ट केलंय: भरती रुग्णाला आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने दिलेल्या जेवणावर जीएसटी नाही, सोबतच्या माणसाला किंवा भेटायला आलेल्याला दिलेल्या जेवणावर आहे. तेव्हा सोबतीच्या जेवणाची पावती रुग्णाच्या बिलात घालूच नये. तिचे पैसे तर मिळत नाहीतच, वर बिलाचा आकडा फुगतो आणि कॅशलेसच्या मंजुरीला नको ते प्रश्न निघतात. आमच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही रुग्णाचं जेवण पॅकेजात असतं, नातेवाइकाचं नसतं.

रात्रीच्या बाईचा मामला जरा गुंतागुंतीचा आहे, कारण 'अटेंडंट' हा एकच शब्द बिलावर तीन वेगळ्या माणसांसाठी येतो. पहिला आपला नातेवाईक. त्याच्या जादा खाटेचे, गादीचे, पासाचे पैसे कोणी देत नाही. दुसरी आपण ठेवलेली बाई. रात्रभर कुशीला बसणारी, पाणी पाजणारी, कूस बदलून देणारी. ती दवाखान्यामार्फत आली काय किंवा ओळखीने आली काय, खर्च खाजगीच. डॉक्टरांनी "रात्री कोणीतरी लागेल" असं म्हटलं तरी त्यात फरक पडत नाही. तिसरी व्यक्ती म्हणजे वॉर्डातले मामा किंवा मावशी, जे बेडपॅन देतात, स्ट्रेचर ढकलतात. ते दवाखान्याचे नोकर. त्यांचं काम खोलीच्या आणि नर्सिंगच्या आकारात आलेलं असतं. नर्सिंग चार्जेस लावून वर सर्व्हिस चार्जेसही लावले, तर ते सर्व्हिस चार्जेस पहिल्या यादीत जातात आणि आपल्या खिशातून निघतात. म्हणून 'अटेंडंट' अशी ओळ दिसली की पहिला प्रश्न: हा कोण? उत्तर 'वॉर्डबॉय' असं आलं, तर ती ओळ काढून टाकायला सांगायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. काकूंच्या बिलातली बाई खरोखर त्यांनी मागून घेतलेली होती, त्यामुळे तिथे बोलायला जागा नव्हती.

घरी आल्यावर ठेवलेल्या केअरटेकरचंही तसंच. डिस्चार्जनंतरचे साठ दिवस पॉलिसीत असतात खरे, पण ते औषधं, तपासण्या, डॉक्टरांच्या फेऱ्या अशा वैद्यकीय खर्चासाठी. आंघोळ घालायला येणाऱ्या बाईचा पगार त्यात बसत नाही.

पण हे सगळं मिळून अकरा हजार झाले. मग उरलेले 37,000 कुठले? ते बिलात कुठेही 'नातेवाईक' म्हणून लिहिलेले नाहीत, आणि हीच ओळ लोकांच्या नजरेतून सुटते. भरती करताना रिसेप्शनवर विचारलं होतं, "ट्विन शेअरिंग देऊ की सिंगल?" ट्विनमध्ये सोबतीला फक्त खुर्ची होती. सिंगलमध्ये सोफा-कम-बेड. काका म्हणाले, सिंगल द्या, रात्री कोणीतरी झोपणारच आहे.

सिंगलचं भाडं रोजचं 4,500. पॉलिसीत खोलीची मर्यादा विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे 3,000. काकांचा हिशोब असा की रोजचे वरचे दीड हजार आपण भरू, सहा दिवसांचे नऊ हजार. पण मर्यादेच्या वरची खोली घेतली की कंपनी खोलीपाशी थांबत नाही. 4,500 पैकी 3,000 म्हणजे दोन तृतीयांश. त्याच प्रमाणात सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग आणि डॉक्टरांच्या फेऱ्या यांचीही कपात होते. काकूंच्या बिलात हे सगळं मिळून 84,000 होतं, मिळाले 56,000. इथे 28,000 गेले आणि खोलीत 9,000. औषधं, तपासण्या आणि हाडात बसवलेल्या पट्टी-स्क्रूचे 88,000 मात्र पूर्ण मिळाले, कारण त्यांना ही प्रमाणशीर कात्री लावायला नियामकाने 2020 मध्येच मनाई केली आहे. आयसीयूच्या आकारालाही ती लागत नाही. शिवाय ज्या दवाखान्यात खोलीप्रमाणे सर्जनची फी बदलत नाही, तिथे ही कपात करताच येत नाही. तुमच्या कंपनीने केली असेल, तर दवाखान्याचं दरपत्रक मागून घ्या आणि ते जोडून लेखी तक्रार करा.

आयसीयूची आणखी एक खोच. रुग्णाला आयसीयूत हलवलं की काउंटरवरून विचारतात, "रूम ठेवू का?" सामान असतं, झोपायला जागा नसते, आपण हो म्हणतो. त्या दिवसांत रुग्णाच्या नावावर दोन खाटा चालू राहतात आणि विमा एकाच खाटेचे पैसे देतो. रिकाम्या खोलीत नातेवाईक झोपतो, भाडं त्याचं त्याने भरायचं. जवळच्या लॉजमध्ये याहून स्वस्त खोली मिळते.

सोबत्यासाठी पैसे देणाऱ्या पॉलिसी अगदीच नाहीत असं नाही. लहान मूल, बहुधा बारा वर्षांपर्यंतचं, भरती असेल तर सोबत राहणाऱ्या पालकासाठी रोज ठराविक रक्कम देण्याचं कलम काही पॉलिसींमध्ये असतं. ही रक्कम पावत्यांवर अवलंबून नसते, दिवस मोजून मिळते. हॉस्पिटल कॅश नावाचं कलमही तसंच. मिळालेल्या पैशातून तुम्ही थाळी खा नाहीतर बाई ठेवा. जादा हप्ता भरून कन्झ्युमेबल्सचं कव्हरही घेता येतं, पण ते घेताना एजंटला एकच विचारा: पहिल्या यादीतल्या सगळ्या 68 गोष्टी की फक्त हातमोजे-मास्क? 'सगळं कव्हर आहे' हे तोंडी उत्तर चालत नाही. अटेंडंट हा शब्द कलमात बोटाने दाखवायला सांगा.

काकांची पॉलिसी अजून तीच आहे. नूतनीकरणाच्या वेळी खोलीची मर्यादा काढून टाकलेली पॉलिसी घ्यायची, असं त्यांच्या मुलाने ठरवलंय. मी बिलाच्या पाठीमागे भागाकार करून पाहिला. सदतीस हजार भागिले सहा रात्री. त्या सोफ्याचं भाडं रात्रीला सहा हजार एकशे सहासष्ट रुपये पडलं.