जुना नंबर गेला, आता ओटीपी कुठे येणार?

रिचार्ज न केल्याने बंद पडलेला नंबर किमान 90 दिवस कुणालाच दिला जात नाही. त्यानंतर मात्र तो दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतो, आणि बँकेचे ओटीपीही त्याच्याकडेच पोहोचतात.

साताऱ्यातील एखाद्या निवृत्त शिक्षिकेचा नंबर असा कायमचा गेला, तर त्यांनी आधी बँकेची शाखा गाठावी. ऑनलाइन बदलासाठी अनेकदा जुन्या नंबरवरचाच ओटीपी लागतो. शाखेत ओळखपत्र, पासबुक आणि सहीचा अर्ज दाखवून काम होतं.

मग आधार केंद्र. तिथे बोटांच्या ठशांवर ओळख पटते, जुना नंबर लागत नाही.

बँकेत नोंद झाल्याचा संदेश आल्यावरच नव्या सिमवरून यूपीआय पुन्हा नोंदवावं. ईमेलच्या खात्यातला जुना नंबरही काढावा, कारण पासवर्ड बदलण्याची वाट तिथूनच जाते.