उरलेल्या मृत्यूंचा हिशेब

मार्च 2005 मध्ये ‘जर्नल ऑफ पेरिनॅटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकाची एक पुरवणी निघाली. विषय एकच होता: गडचिरोली जिल्ह्यातली काही खेडी आणि तिथे 1993 ते 2003 या दहा वर्षांत जन्मलेली बाळे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने चालवलेल्या प्रयोगाचा तो हिशेब होता. प्रयोगाचे यश आता सर्वांना ठाऊक आहे. त्याहून वाचण्यासारखा आहे तो या माणसांचा विचार करण्याचा क्रम. एक प्रश्न सुटला की जे मृत्यू तरीही उरले, त्यांतूनच पुढचा प्रश्न निघत गेला.

सुरुवात त्याआधीची, न्यूमोनियाची. 1980च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत लहान मुले न्यूमोनियाने मोठ्या संख्येने दगावत होती. औषध स्वस्त होते, को-ट्रायमोक्साझोल. अडचण होती ती साधा खोकला आणि न्यूमोनिया यांत फरक करण्याची. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजले की बराच उलगडा होतो. पण गावच्या दाईला साठपर्यंत आकडे येत नसतील तर मोजायचे कसे? त्यासाठी एक साधे यंत्र बनवले गेले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि शेजारी मण्यांच्या दोन ओळी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी पाच हिरवे मणी आणि सहावा लाल, मोठ्या मुलासाठी चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. साठ आणि पन्नास या वैद्यकशास्त्रातल्या मर्यादा अशा मण्यांत बसवल्या. ज्या गावांत हे उपचार झाले, तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी भरले. 1990 साली ‘लॅन्सेट’ने तो अहवाल छापला.

अनेक प्रकल्प इथेच सत्काराला उभे राहतात. गडचिरोलीत मात्र उरलेल्या मृत्यूंकडे पाहिले गेले. पहिल्या वर्षात दगावणाऱ्या बाळांपैकी बहुतेक आता पहिल्याच महिन्यात जात होती. नवजात बाळाला दवाखान्यात न्यावे, असे पुस्तक सांगत होते. गावात ते किती घडते, हे कुणी मोजलेच नव्हते.

म्हणून 1995-96 हे वर्ष मुख्यतः निरीक्षणात घालवले गेले. प्रयोगाच्या 39 गावांत थोड्याफार शिकलेल्या स्थानिक बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले होते. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, ताप बघत, दूध ओढते का, रडते कसे, हे लिहून ठेवत. वर्षभरात 763 बाळांच्या नोंदी झाल्या. त्यांपैकी 40 दगावली. शंभरातल्या 42 बाळांचे वजन जन्मतः कमी होते. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज पडली होती, आणि डॉक्टरने पाहिलेली बाळे होती शंभरात तीनसुद्धा नाहीत. इलाज तातडीने सुरू करण्याचा मोह आवरून आधी वर्षभर मोजत बसणे सोपे नसते. पुढची सगळी इमारत मात्र याच नोंदींवर उभी राहिली.

त्या नोंदी चाळताना एक व्यवहारी गोष्ट हाती लागली. जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, ओळखायला रक्ताची तपासणी लागते आणि ती गावात अशक्य. पण दगावलेल्या बाळांची लक्षणे पाहता सात खुणा पुन्हा पुन्हा दिसत होत्या: दूध ओढणे कमी होणे, रडणे क्षीण होणे, हातपाय ढिले पडणे, उलट्या किंवा पोट फुगणे, अंग गार लागणे, छाती आत ओढली जाणे आणि नाळेला पू होणे. यांपैकी कुठल्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर सेप्सिस धरायचा. या नियमाने काही निरोगी बाळांनाही औषध मिळत असे. पण धोक्यातले बाळ सहसा निसटत नसे, आणि इथे तीच चूक परवडणारी होती. मग आरोग्यदूताने घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यायचे, सोबत को-ट्रायमोक्साझोलचे पातळ औषध. खेड्यातल्या बाईच्या हाती सुई देण्यावर बरीच टीका झाली. पण सेप्सिस झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे सतरावरून तिनाच्या आत आले.

1993-95 मध्ये या गावांत हजार जन्मांमागे 62 नवजात मृत्यू होत होते. 1997-98 मध्ये ते 25वर आले. शेजारच्या 47 गावांत, जिथे हा उपक्रम नव्हता, ते साठाच्या आसपासच होते.

एवढ्यावर कुणीही म्हणेल की इंजेक्शनने बाळे वाचवली. दहा वर्षांचा हिशेब मांडताना संशोधकांनी हे गृहीतच तपासून पाहिले. वाचलेल्या बाळांपैकी सेप्सिसच्या उपचारांनी वाचलेली 36 टक्के निघाली. आणि कमी वजनाच्या बाळांना ऊब देणे, आईच्या दुधाची नीट घडी बसवणे, वारंवार भेट देणे अशा आधाराने वाचलेली 34 टक्के! जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळांवरच्या उपचारांचा वाटा 19 टक्के होता. सर्वांत जास्त वाद ज्या सुईवरून झाला, तिच्या तोडीस तोड काम उबदार पिशवीने आणि आईच्या दुधाने केले होते. हा निष्कर्ष लिहून ठेवायला थोडी निरपेक्षता लागते.

त्या पुरवणीत आणखी एक आकडा आहे, ज्याची फारशी चर्चा होत नाही. 2001-03 मध्येही नवजात मृत्युदर हजारी 25च होता. म्हणजे बहुतेक घट पहिल्या काही वर्षांतच झाली आणि पुढे रेघ सपाट राहिली. याचे दोन अर्थ निघतात. मोठे संशोधक दूर गेले की आकडे परत वर चढतात, असा अनुभव असतो. इथे ते चढले नाहीत. दुसरा अर्थ कमी सुखावह आहे. घरात करता येण्यासारखे होते ते करून झाले होते. मृत्यू पहिल्या आठवड्यानंतर 80 टक्के घटले, पण पहिल्या आठवड्यात 64च टक्के. अगदी पहिल्या दिवसांतले मृत्यू आरोग्यदूताच्या पिशवीला पुरते दाद देत नव्हते.

याच प्रयोगाची मर्यादाही सांगायला हवी. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि संस्था वर्षानुवर्षे त्या भागात रुजलेली होती. सरकारी यंत्रणेत हेच जसेच्या तसे होईल, असे या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

तरीही 2011 मध्ये केंद्र सरकारने नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशांवर सोपवला. त्यात इंजेक्शन आशांच्या हाती दिले गेले नाही. वजन, तापमान, दूध आणि धोक्याच्या खुणा पाहणे मात्र दिले. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर आशाने घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी यायचे असते. घरी झाली असेल तर पहिल्या दिवशीही. ही सेवा मोफत आहे. घरात नुकतेच बाळ आले असेल आणि या तारखांना आशा आली नसेल, तर गावातल्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारा.