फोटोतल्या सात ठळक खुणा

समजा, साताऱ्यात राहणाऱ्या बाबांनी रात्री साडेनऊला आईच्या रक्ताच्या रिपोर्टचा फोटो पुण्यातल्या मुलीला पाठवला. आईचं वय ४४. दोन महिने तिला जिना चढताना धाप लागते, म्हणून डॉक्टरांनी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी करायला सांगितली. फोटोत सात आकडे ठळक छापलेत, काहींपुढे ‘एल’ तर काहींपुढे ‘एच’. खाली बाबांचा एकच प्रश्न : ‘कॅन्सर वगैरे नाही ना?’

मुलगी नर्स आहे. तरीही ती लगेच उत्तर देत नाही, कारण फोटोत कागदाची उजवी कड कापली गेली आहे. तिथेच एकक आणि त्या लॅबची सर्वसाधारण मर्यादा छापलेली असते. त्याशिवाय आकडा वाचणं धोक्याचं. प्लेटलेट एखादी लॅब ४.६ लाख अशा लिहिते, दुसरी त्याच ४६० हजार अशा. म्हणून ती आधी पूर्ण पानाचा फोटो मागवते. वरचं नाव, वय आणि तारीख तपासते. वय आणि स्त्री-पुरुष हा तपशील चुकला, तर मर्यादाही चुकीची लागते.

मग ती हिमोग्लोबिनपासून सुरुवात करते. ते ९.६ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, ८ ते १०.९ असलं की मध्यम आणि ८ च्या खाली गेलं की तीव्र. “बाबा, आईला धाप लागते ती यामुळे असू शकते. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं, ते कमी पडलं की हृदयाला जास्त पळावं लागतं.” रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला भाग, म्हणजे हिमॅटोक्रिट, तोही ३०.५ टक्के म्हणजे कमीच आहे. ही त्याच गोष्टीची दुसरी नोंद, नवा आजार नव्हे.

रक्त का कमी झालं, याचा माग पुढच्या ओळींत लागतो. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. अनेक लॅबच्या कागदावर ते ८३ ते १०१ असतं, आईचं ७० आहे. पेशी लहान झाल्यात. एमसीएच २२, म्हणजे प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनही कमी भरलंय. आरडीडब्ल्यू १७.८, म्हणजे पेशी एकसारख्या नाहीत, लहान-मोठ्या मिसळल्यात. लोह हळूहळू संपत जातं तेव्हा जुन्या पेशी बऱ्या आकाराच्या आणि नव्या लहान, असं मिश्रण दिसतं. बाबांना सर्वांत जास्त घाबरवणारा प्लेटलेटचा ‘एच’ही बहुधा इथलाच आहे : लोह कमी झालं की प्लेटलेट थोड्या वाढणं नेहमीचं.

लहान पेशी थॅलेसेमियाच्या वाहकांतही दिसतात. महाराष्ट्रात सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली कुटुंबांत हा वारसा जास्त आढळतो. त्यांची तांबड्या पेशींची संख्या मात्र सहसा चांगली भरते. म्हणून डॉक्टर एक साधा भागाकार करतात : एमसीव्हीला त्या संख्येने भागायचं. आईची संख्या ४.३६ दशलक्ष, उत्तर आलं १६. ते १३ च्या वर असलं की कल लोहाच्या कमतरतेकडे. हा फक्त कल आहे, निदान नाही.

उरला लिम्फोसाइटचा ‘एच’. ते ४४ टक्के आहेत, मर्यादा ४० पर्यंत. पण एकूण पांढऱ्या पेशी ६,२०० आहेत. त्यांचे ४४ टक्के म्हणजे सुमारे २,७००, आणि प्रत्यक्ष संख्येची मर्यादा १,००० ते ३,०००. संख्या ठीक आहे, फक्त वाटा थोडा सरकलाय. शिवाय लॅबची मर्यादा बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांवरून ठरवतात, त्यामुळे वीस निरोगी माणसांतल्या एकाच्या आकड्यापुढेही खूण येतेच.

बाबांना खोटा दिलासा देणंही तितकंच घातक. “हा कागद कॅन्सरकडे बोट दाखवत नाही, पण लोह कुठे जातंय ते शोधायलाच हवं.” पाळीत खूप रक्त जातं का, मूळव्याध आहे का, शौच काळी होते का, हे आईला विचारायला हवं. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत असाच रिपोर्ट आला, तर पोट-आतड्यातल्या रक्तस्रावाचा शोध टाळूच नये. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं किंवा काळी शौच असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

एरवी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन फेरिटिनबद्दल विचारावं. त्यातून शरीरातला लोहाचा साठा कळतो. पण अंगात ताप किंवा सूज असेल तर तो आकडा खोटाच चांगला दिसू शकतो, म्हणून ते डॉक्टरांना सांगावं. गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि सुरू झाल्यावर मध्येच सोडूही नयेत. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत वर येऊ लागतं, पण ते पूर्ववत झाल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.